सहा फुटी वडिलांचा मुलगा किती उंच? द्विचल नॉर्मल वितरणातून रिग्रेशनच्या रेषेकडे

इंग्लंडमध्ये कार्ल पिअरसन आणि अ‍ॅलिस ली यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कुटुंबाकुटुंबांतून उंचीची मापं गोळा केली आणि १९०३ साली ती छापली. त्यातल्या वडील आणि मुलगा यांच्या १०७८ जोड्या आज जगभर संख्याशास्त्राच्या वर्गात वापरल्या जातात. आपणही त्याच घेऊ. वडिलांची सरासरी उंची साधारण ६७.७ इंच, प्रमाण विचलन २.७ इंच. मुलांची सरासरी ६८.७ इंच, प्रमाण विचलन २.८ इंच. दोन्ही उंचींमधला सहसंबंध ०.५.

प्रश्न एवढाच: वडील बरोबर ७२ इंच, म्हणजे सहा फूट असतील, तर मुलाच्या उंचीबद्दल काय सांगता येईल?

नव्याने शिकणाऱ्यांना हा प्रश्न विचारला की तीन उत्तरं हमखास येतात. पहिलं, ७२, खाण तशी माती. दुसरं, ७३, कारण मुलांची पिढी सरासरीने एक इंच उंच आहे. तिसरं, ६८.७, मुलांची सरासरी तीच आहे, वडिलांचा काय संबंध? तिन्ही चुकीची आहेत. शिवाय तिन्हींत आणखी एक उणीव आहे, ती म्हणजे उत्तर एकाच आकड्यात दिलंय. सहा फुटी वडिलांचे सगळे मुलगे एका उंचीचे नसतात. म्हणून खरं उत्तर हे एक वितरण असतं, आणि त्यालाच सशर्त वितरण म्हणतात. अट अशी की वडिलांची उंची ७२ आहे.

पायरी १: चित्र काढा आणि उभी पट्टी कापा

आडव्या अक्षावर वडिलांची उंची, उभ्या अक्षावर मुलाची. प्रत्येक जोडीसाठी एक ठिपका. १०७८ ठिपक्यांचा ढग तयार होतो. तो मध्यभागी दाट, कडेला विरळ, आणि खाली डावीकडून वर उजवीकडे कललेल्या लंबगोलासारखा असतो. दोन चलांचं मिळून नॉर्मल वितरण असलं की ढग असाच दिसतो. या वितरणाला द्विचल नॉर्मल वितरण म्हणतात आणि ते वरच्या पाच आकड्यांनी पूर्ण ठरतं: दोन सरासऱ्या, दोन प्रमाण विचलनं आणि एक सहसंबंध. सहावा आकडा लागत नाही.

आता आडव्या अक्षावर ७२ शोधा आणि ७१.५ ते ७२.५ अशी एक इंच रुंदीची उभी पट्टी कापा. नॉर्मल वितरणाच्या तक्त्यानुसार अशा पट्टीत सुमारे ४.२ टक्के वडील येतात, म्हणजे १०७८ पैकी अंदाजे ४५. त्या ४५ ठिपक्यांकडे पाहा आणि बाकीचे हाताने झाका. या ४५ मुलांच्या उंचीचा वेगळा आलेख काढलात तर जे दिसेल, ते सशर्त वितरणाचं जवळपासचं रूप.

जवळपासचं का? कारण अट ‘७२ च्या आसपास’ अशी झाली, ‘बरोबर ७२’ अशी नाही. इथे बरेच जण अडखळतात. उंची हा सलग चल आहे, त्यामुळे ती तंतोतंत ७२.०००… असण्याची संभाव्यता शून्य आहे. मग शून्य संभाव्यतेच्या घटनेची अट घालायची कशी? उत्तर असं की पट्टी निरुंद करत जायची. एक इंचाची अर्धा इंच, मग पाव इंच. पट्टीतले ठिपके कमी होत जातात, पण त्यांच्या आलेखाचा आकार एका ठरावीक घंटेकडे स्थिरावतो. ती घंटा म्हणजे सशर्त वितरण.

ढगाच्या जागी डोंगर कल्पिला तरी चालेल. जिथे ठिपके दाट तिथे डोंगर उंच; या उंचीलाच संयुक्त घनता म्हणतात. ७२ वर सुरी धरून डोंगर उभा कापला की कापाच्या तोंडावर एक घंटेचा आकार दिसतो. त्याखालचं क्षेत्रफळ १ नसतं, कारण हा डोंगराचा फक्त एक काप आहे. त्याला योग्य आकड्याने भागून क्षेत्रफळ १ करून घेतलं की झालं. ‘संयुक्त घनता भागिले वडिलांच्या उंचीची घनता’ हे पाठ्यपुस्तकातलं सूत्र नेमकं हेच करतं. त्यात दुसरं काही दडलेलं नाही.

पायरी २: इंच विसरा, प्रमाण एककं घ्या

सूत्र पाठ करणाऱ्यांचं इथेच बिनसतं. पाच अक्षरं आणि दोन मुळं एका ओळीत पाहिली की डोळे फिरतात. म्हणून आधी इंच बाजूला ठेवा. प्रत्येक उंचीतून सरासरी वजा करा आणि प्रमाण विचलनाने भागा. वडिलांच्या आकड्याला u म्हणू, मुलाच्या आकड्याला w. आता दोन्हींची सरासरी ० आणि प्रमाण विचलन १. पाच आकड्यांपैकी एकच उरला: सहसंबंध r.

या रूपात द्विचल नॉर्मलच्या घनतेत घातांकात जे असतं ते असं (पुढचा स्थिरांक सोडून दिलाय, तो फक्त क्षेत्रफळ १ करायला असतो):

```
-(u² - 2ruw + w²) / (2(1 - r²))
```

आता शाळेतला वर्ग पूर्ण करण्याचा खेळ. कंसातली राशी अशी लिहिता येते:

```
u² - 2ruw + w² = (w - ru)² + (1 - r²)u²
```

उजवी बाजू उकलून पाहा. r²u² एकदा अधिक, एकदा उणे येऊन उडून जातं. आता 2(1 - r²) ने भागलं की घातांकाचे दोन तुकडे पडतात:

```
-(w - ru)² / (2(1 - r²))   -   u²/2
```

इथे जरा थांबा, कारण सगळं रहस्य या एका ओळीत आहे. दुसऱ्या तुकड्यात फक्त u आहे. ती वडिलांची स्वतःची नॉर्मल घनता. वडिलांची उंची एकदा ठरली की हा तुकडा निव्वळ एक आकडा होतो, आणि आपण कापाला भागतो तेव्हा तो छेदाशी कटतो. उरतो पहिला तुकडा. तो w चा विचार केला तर ओळखीचाच आहे: सरासरी ru आणि प्रचरण 1 - r² असलेलं नॉर्मल वितरण. प्रचरण म्हणजे प्रमाण विचलनाचा वर्ग.

म्हणजे u दिलेला असताना w चं सशर्त वितरण नॉर्मलच आहे, त्याची सरासरी u च्या r पट आहे, आणि त्याचं प्रमाण विचलन √(1 - r²) आहे. या विचलनात u कुठेच नाही. वडील बुटके असोत की ताडमाड, कापाची रुंदी तीच.

हीच गोष्ट उलट्या बाजूने सांगितली तर मला ती जास्त पटते. एक u घ्या आणि त्याच्याशी काही देणंघेणं नसलेला दुसरा प्रमाण नॉर्मल आकडा v घ्या. मग

```
w = r·u + √(1 - r²)·v
```

असं मिसळा. w चं प्रचरण r² अधिक 1 - r², म्हणजे १. सहसंबंध r. द्विचल नॉर्मलमधली कोणतीही जोडी अशीच बनलेली आहे असं मानायला हरकत नाही: वारशाचा एक भाग आणि त्याच्याशी स्वतंत्र असा योगायोगाचा एक भाग. वडिलांची उंची कळली की पहिला भाग गोठतो, दुसरा मोकळाच राहतो.

दोन टोकं तपासून घ्या. r = 0 असेल तर सरासरी ०, विचलन १; वडील कळून काही फायदा नाही. r = 1 असेल तर सरासरी u, विचलन ०; ठिपके एका रेषेवर. दोन्ही ठिकाणी सूत्र शहाण्यासारखं वागतं.

पायरी ३: परत इंचात या

वडील ७२ इंच. सरासरीपेक्षा ४.३ इंच जास्त. भागिले २.७, म्हणजे u = १.५९. मुलाची अपेक्षित जागा त्याच्या निम्मी: ०.८०. हे मुलांच्या मोजपट्टीवर आणायला २.८ ने गुणा: २.२३ इंच. मुलांची सरासरी मिळवा: ६८.७ अधिक २.२३, म्हणजे ७०.९३ इंच.

विचलन: √(१ - ०.२५) म्हणजे ०.८६६. गुणिले २.८, म्हणजे २.४२ इंच.

तर उत्तर: सहा फुटी वडिलांच्या मुलांची उंची नॉर्मल वितरणात असते, सरासरी जवळजवळ ७०.९ इंच आणि प्रमाण विचलन साधारण २.४ इंच. वितरण हातात आलं की पुढचे प्रश्न सोपे होतात. मुलगा वडिलांपेक्षा उंच निघण्याची शक्यता किती? ७२ वजा ७०.९३ म्हणजे १.०७, भागिले २.४२ म्हणजे ०.४४. तक्त्यात ०.४४ च्या पलीकडचं क्षेत्रफळ ०.३३. तिघांपैकी एक. आणि शंभरातले ९५ मुलगे कुठल्या पल्ल्यात? दोन्ही बाजूंना १.९६ विचलनं धरून ६६.२ ते ७५.७ इंच.

हा पल्ला जरा नीट पाहा. साडेनऊ इंचांचा आहे. वडिलांची उंची माहीत नसताना विचलन २.८ होतं, कळल्यावर २.४२ झालं. फक्त १३ टक्क्यांनी घटलं. सहसंबंध ०.५ ऐकायला भरघोस वाटतो, पण एका माणसाबद्दल भाकीत करताना त्याचा उपयोग किती तुटपुंजा असतो हे √(1 - r²) सांगतं. विचलन खरोखर निम्म्यावर आणायचं तर r जवळपास ०.८७ हवा. सहसंबंधाचा आकडा कुणी फुशारकीने सांगितला की मी मनातल्या मनात हे मूळ काढून बघतो.

पायरी ४: हीच रिग्रेशनची रेषा

वर ७२ साठी जे केलं ते कुठल्याही x साठी करा. सगळ्या कापांच्या सरासऱ्या जोडल्या की सरळ रेषा मिळते:

```
E(Y | X = x) = my + r·(sy/sx)·(x - mx)
```

इथे X म्हणजे वडिलांची उंची, Y म्हणजे मुलाची, आणि डावी बाजू म्हणजे X = x असताना Y ची सरासरी. mx, my या सरासऱ्या आणि sx, sy ही प्रमाण विचलनं. आपल्या आकड्यांत चढ ०.५ × २.८ / २.७, म्हणजे ०.५१९. वडील एक इंच जास्त उंच असले तर मुलाची अपेक्षित उंची अर्ध्या इंचाने वाढते. बारावी कॉमर्सच्या गणितात b_yx नावाने जो चढ शिकवतात, तो हाच. ठिपक्यांपासूनच्या उभ्या अंतरांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी करून जी रेषा काढतात, तिचा चढही हाच.

दोन वाटा एकाच ठिकाणी येतात, पण त्या एक नाहीत, आणि हा फरक नवख्यांनी आत्ताच मनात पक्का करावा. वर्गांची बेरीज कमी करणारी रेषा कुठल्याही ढगातून काढता येते, ढग केळ्यासारखा वाकडा असला तरी. त्यासाठी नॉर्मल वितरण लागत नाही. द्विचल नॉर्मल असेल तर वरून तीन गोष्टी फुकट मिळतात: कापांच्या सरासऱ्या खरोखरच सरळ रेषेत असतात, प्रत्येक कापाची रुंदी सारखी असते, आणि प्रत्येक काप घंटेच्या आकाराचा असतो. पहिल्या गोष्टीशिवाय ७०.९ हा आकडा लटका. दुसऱ्या आणि तिसऱ्या गोष्टींशिवाय ‘तिघांपैकी एक’ आणि ‘६६.२ ते ७५.७’ लटके.

रिग्रेशन हे नावही उंचीतूनच आलं. पाठ्यपुस्तकी मराठीत त्याला समाश्रयण म्हणतात, पण मूळ शब्दाचा अर्थ मागे वळणं असा आहे. फ्रान्सिस गॉल्टनने १८८६ साली २०५ जोडप्यांच्या ९२८ प्रौढ मुलामुलींची उंची मांडली. बायकांची उंची त्याने १.०८ ने गुणून पुरुषांच्या मापावर आणली आणि आईवडिलांची मिळून एक मधली उंची काढली. त्याला दिसलं की आईवडील सरासरीपासून जेवढे दूर, त्याच्या दोन-तृतीयांशच मुलं दूर असतात. म्हणजे ती सरासरीकडे वळतात. तक्त्यावर सारख्या आकड्यांच्या जागा जोडल्या तर लंबगोल तयार होतात हेही त्याने पाहिलं. मग त्याने ते कोडं, उंचीचा उल्लेख न करता, केंब्रिजचे गणिती हॅमिल्टन डिकसन यांच्याकडे पाठवलं. डिकसनने जे सोडवलं ते वरच्या पायरी २ चंच गणित.

उलट दिशेला जाताना

माझी स्वतःची फजिती इथली आहे. एम.एस्सी.च्या तोंडी परीक्षेत मला विचारलं, ‘मुलगा ७१ इंच आहे, वडील किती?’ मी छाती पुढे काढून रेषेचं समीकरण उलटं केलं. मुलगा = ३३.६ + ०.५१९ × वडील, तर वडील = (७१ - ३३.६) / ०.५१९. उत्तर ७२.१. परीक्षकबाई शांतपणे म्हणाल्या, ‘बरं. आता मला सांगा, एवढे सहा फुटी बाप आणणार कुठून?’

मी गप्प. त्यांचा मुद्दा मला घरी येऊन आकडे मांडल्यावर कळला. ७१ इंचाच्या आसपासचे मुलगे येतात कुठून ते मोजू. ७२ च्या पट्टीत ४५ वडील. त्यांच्या मुलांपैकी ७०.५ ते ७१.५ मध्ये येणारे सुमारे १६ टक्के, म्हणजे ७. आता ६८ ची पट्टी घ्या. तिथे वडील गर्दीने आहेत, सुमारे १५७. त्यांच्या मुलांची सरासरी ६८.९ च्या आसपास, त्यामुळे ७१ गाठणारे फक्त ११ टक्के. पण १५७ चे ११ टक्के म्हणजे १७. सहा फुटी वडिलांचा वाटा सात, मध्यम उंचीच्या वडिलांचा सतरा. ७१ इंची मुलांचे वडील सरासरीने सहा फूट असूच शकत नाहीत.

बरोबर रीत म्हणजे आडवी पट्टी कापायची आणि सूत्रात x, y ची अदलाबदल करायची. चढ ०.५ × २.७ / २.८, म्हणजे ०.४८२. मुलगा सरासरीपेक्षा २.३ इंच वर, म्हणून वडील १.१ इंच वर: ६८.८. दोन रेषा वेगळ्या आहेत. त्या फक्त सरासऱ्यांच्या बिंदूत एकमेकींना छेदतात, आणि r जेवढा लहान तेवढी त्यांची कात्री उघडी. गॉल्टनलाही हा फरक आकड्यांत दिसला होता: आईवडिलांकडून मुलांकडे दोन-तृतीयांश, मुलांकडून आईवडिलांकडे एक-तृतीयांश. दोन माणसांची सरासरी घेतल्याने आईवडिलांच्या मधल्या उंचीचं प्रचरण निम्मं होतं, म्हणून एक चढ दुसऱ्याच्या दुप्पट.

यातून दुसरा एक गैरसमजही निकालात निघतो. उंच वडिलांचे मुलगे सरासरीकडे वळतात, बुटक्यांचेही वळतात, मग काही पिढ्यांत सगळे सारख्याच उंचीचे होतील का? नाही होत. मुलांचं प्रचरण २.८ चा वर्ग, ७.८४. त्यात कापांच्या सरासऱ्या वरखाली असल्यामुळे येणारा भाग (०.५१९ × २.७) चा वर्ग, म्हणजे १.९६. प्रत्येक कापाच्या आतला भाग ५.८८. बेरीज बरोबर ७.८४. वळण्यामुळे जेवढी विविधता आटते, तेवढीच योगायोगाचा भाग भरून काढतो.

पायरी ५: संगणकावर पडताळा

सूत्रावर विश्वास ठेवायचा नसेल तर R या संगणकभाषेत दहा लाख कुटुंबं तयार करा. पायरी २ चं मिश्रण जसंच्या तसं वापरलं आहे.

```r
set.seed(7)
n <- 1e6; r <- 0.5
u <- rnorm(n); v <- rnorm(n)
x <- 67.7 + 2.7 * u
y <- 68.7 + 2.8 * (r * u + sqrt(1 - r^2) * v)
k <- x > 71.5 & x < 72.5
sum(k); mean(y[k]); sd(y[k]); mean(y[k] > 72)
```

पट्टीत साधारण ४२ हजार ठिपके सापडतील. सरासरी ७०.९० च्या जवळ येईल, ७०.९३ नाही. ही चूक नाही. पट्टीच्या डाव्या अर्ध्यात उजव्यापेक्षा गर्दी जास्त असते, त्यामुळे पट्टीतल्या वडिलांची सरासरी ७२ नसून ७१.९५ असते. पट्टी ७१.९५ ते ७२.०५ एवढी बारीक करा, फरक मावळतो.

मग खऱ्या जोड्यांवर या. `UsingR` या पॅकेजमध्ये त्या `father.son` नावाने आहेत.

```r
library(UsingR)
summary(lm(sheight ~ fheight, data = father.son))
```

छापून आलेल्या मजकुरात चढ ०.५१४ दिसेल, आपण गोल केलेल्या आकड्यांवरून ०.५१९ काढला होता. खाली `Residual standard error` समोर २.४३७ असेल. नवखे या ओळीकडे पाहतही नाहीत, पण √(1 - r²) × २.८ तो हाच: कापाची रुंदी. आणि `Multiple R-squared` समोरचा ०.२५ म्हणजे r चा वर्ग.

कुठे फसतं आणि कसं ओळखायचं

सर्वांत लबाड सापळा हा की दोन्ही चल वेगवेगळे पाहिले तर नॉर्मल असतात, पण जोडीने द्विचल नॉर्मल नसतात. एक टोकाचं उदाहरण. u प्रमाण नॉर्मल घ्या. नाणं उडवा; छापा आला तर w = u, काटा आला तर w = -u. आता w सुद्धा पक्का प्रमाण नॉर्मल आहे. सहसंबंध शून्य. आपलं सूत्र म्हणेल की u कळून काही उपयोग नाही, सरासरी ०, विचलन १, घंटा. प्रत्यक्षात u = १.५ कळला तर w एकतर १.५ किंवा -१.५, मधे काहीच नाही. काप म्हणजे घंटा नव्हे, दोन खिळे. ढग पाहिला असता तर गुणाकाराच्या फुलीसारखा दिसला असता आणि एका क्षणात लक्षात आलं असतं. म्हणून दोन चलांचे वेगवेगळे आलेख काढून ‘दोन्ही नॉर्मल आहेत, चला पुढे’ असं म्हणणं पुरेसं नाही.

व्यवहारात मी पट्ट्याच मोजतो. आडव्या अक्षावर चार-पाच पट्ट्या करा, प्रत्येकीत किमान तीस-चाळीस ठिपके राहतील अशा बेताने, आणि प्रत्येकीतल्या y ची सरासरी व विचलन लिहून काढा. सरासऱ्या रेषेपासून एकाच बाजूला सलग सरकत असतील तर संबंध वाकडा आहे. विचलन डावीकडून उजवीकडे वाढत गेलं तर रुंदी सारखी असण्याची अट मोडली. उत्पन्न आणि खर्च अशा जोडीत हे नेहमी होतं: कमी उत्पन्नाच्या घरांचे खर्च एकमेकांच्या जवळ, श्रीमंतांचे पांगलेले. तिथे सगळ्यांना एकच रुंदी लावली तर गरिबांचा पल्ला फुगतो आणि श्रीमंतांचा आकसतो. बऱ्याचदा दोन्ही चलांचे लॉगरिदम घेतले की ढग पुन्हा लंबगोल होतो.

शेवटची चूक शब्दांची आहे. ‘वडील ७२ इंच’ आणि ‘वडील ७२ इंच किंवा जास्त’ या दोन वेगळ्या अटी आहेत, आणि वरचं सूत्र फक्त पहिलीसाठी आहे. दुसऱ्या अटीत ७२ च्या उजवीकडचा सगळा ढग येतो. त्यातल्या वडिलांची सरासरी ७३.१ च्या आसपास आहे, म्हणून मुलांची सरासरी ७१.५ येते, ७०.९ नव्हे. आणि मुलांचं वितरणही आता नेमकं नॉर्मल राहत नाही, कारण ते वेगवेगळ्या जागी केंद्र असलेल्या पुष्कळ घंटांचं मिश्रण आहे. उजवीकडे किंचित लांबलेलं. वर लिहिलेल्या R च्या ओळींत `k <- x > 72` एवढाच बदल करून पाहा.